दोन डॉक्टर, दोन गोळ्या

आमच्या अंबडमधल्या एका वहिनी कंपनीत पॅकिंगला जातात. दिवसभर उभं राहून कंबर धरली, म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल असलेली गोळी दिली. वहिनी वर्षभरापासून नैराश्यासाठी फ्लुओक्झेटिन घेतात, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगणार कशा? घरात सासूबाईंनासुद्धा माहीत नाही! आणि डॉक्टरांनीही विचारलं नाही.

गोळीने दुखणं फारसं थांबलं नाही, म्हणून त्यांनी चार तासांनी आणखी एक घेतली. खरी गोम इथेच आहे. ट्रॅमाडॉलचं वेदना शमवणाऱ्या रूपात रूपांतर यकृतात होतं आणि फ्लुओक्झेटिन नेमकं तेच अडवतं. त्यामुळे आराम कमी पडतो आणि मूळ औषध अंगात साठत जातं. दोन्ही औषधं मेंदूतलं सेरोटोनिन वाढवणारी. ते प्रमाणाबाहेर गेलं की त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. दोन्ही औषधं घेणाऱ्या प्रत्येकीला तो होतो असं नाही, पण डोस वाढवला की धोका वाढतो.

संध्याकाळी वहिनींना दरदरून घाम सुटला, जुलाब झाले, हात थरथरू लागले. जीव नुसता घाबराघुबरा, एका जागी बसवेना. घरच्यांना वाटलं, पित्त झालं किंवा ताप येतोय. मलाही आधी तसंच वाटलं. पण पांघरुणाखाली त्यांचे पाय आपोआप झटके देत होते. साध्या तापाच्या थंडीत असं होत नाही. मी दोन्ही गोळ्यांची पाकिटं उचलली आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाऊल हाताने झटकन वर दाबून धरलं, तर ते हातातच टकटक उडत राहिलं. बाहुल्याही मोठ्या झाल्या होत्या. पाकिटं पाहून निदान लगेच झालं. ट्रॅमाडॉल बंद, सलाईन सुरू आणि झटके शमवायला शांत करणारं इंजेक्शन. फ्लुओक्झेटिन शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं, म्हणून त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. ते पुन्हा कधी सुरू करायचं, हे मनोविकारतज्ज्ञांनी ठरवलं.

ही लक्षणं बहुधा काही तासांतच, गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर दिसतात. दोन्ही औषधं घेणाऱ्या बाईला घाम, थरथर, अस्वस्थता जाणवली, तर पुढची ट्रॅमाडॉल न घेता लगेच डॉक्टरांना विचारावं. नैराश्याची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. भरमसाट ताप, अंग ताठ होणं, असंबद्ध बोलणं किंवा फिट आली, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

कंबरदुखीवर आता डॉक्टरांनी वहिनींना पॅरासिटामॉल आणि व्यायाम दिलाय. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्या एकाच पिशवीत ठेवतात. सासूबाईंना काय सांगायचं, ते मात्र अजून ठरलेलं नाही.