खरेदीच्या तक्त्याचा फोटो हरवला तर

समजा, रंगांच्या दुकानदाराच्या मोबाइलमधून खरेदीच्या तक्त्याचा फोटो गेला आणि वहीही उरली नाही. एका खेपेला किती डबे मागवावेत, हे तरीही काढता येते. वर्षाचा खप 1200 डबे, दर ऑर्डरचा खर्च 300 रुपये आणि एक डबा वर्षभर सांभाळण्याचा खर्च 50 रुपये. 1913 मध्ये फोर्ड हॅरिसने मांडलेल्या सूत्राने √(2×1200×300÷50) म्हणजे 120 डबे. इथे जुने दर लागतच नाहीत.

अडते ते शिल्लक मालाच्या किमतीपाशी. फिफोत आधी आलेला माल आधी विकला असे धरतात, म्हणून उरलेला माल शेवटच्या खरेदीचा. शिल्लक मोजा आणि शेवटच्या बिलापासून मागे या. 150 डबे उरले, शेवटची खेप 120 डब्यांची 420 रुपयांनी आणि त्याआधीची 400 रुपयांनी असेल, तर 50,400 अधिक 12,000, म्हणजे 62,400 रुपये. सगळे डबे 420 ने धरले, तर नफा 600 रुपयांनी फुगतो.

जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-2बी मध्ये बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम मिळते. डब्यांची संख्या मिळत नाही. त्यासाठी पुरवठादाराकडून शेवटच्या दोन बिलांच्या प्रती मागवा. अंदाजाने दर भरू नका.