पाळणाघर सोडताना

पाळणाघर बंद करायचं ठरलं की बहुतेक आईवडील ताईंना तोंडी सांगून मोकळे होतात आणि पैशांचा घोळ तिथेच सुरू होतो. नोटिशीची मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची, हा खरा वादाचा मुद्दा. म्हणून प्रवेशाचा फॉर्म आधी नीट वाचा आणि नोटीस ईमेलने किंवा पोच घेऊन लेखीच द्या. त्यात मुलाचा शेवटचा दिवस स्पष्ट लिहा.

समजा, महिन्याला ९,३०० रुपयांप्रमाणे एप्रिल ते जूनची फी आगाऊ भरली आहे. महिन्याची नोटीस १५ एप्रिलला दिली, तर ती १५ मेला संपते. मेचे उरलेले १६ दिवस, रोजचे ३०० रुपये, म्हणजे ४,८००. त्यात जूनचे ९,३००. एकूण १४,१०० रुपये. हा हिशेब नोटिशीतच मांडा. डिपॉझिट वेगळं मागा. प्रवेश शुल्क मात्र सहसा परत मिळत नाही.

‘भरलेली फी परत नाही’ असं फॉर्मवर छापलेलं असलं, तरी न दिलेल्या सेवेचे सगळे पैसे ठेवून घेणं मला अन्यायाचं वाटतं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराविरुद्ध दाद मागता येते. लेखी मागणीला उत्तर आलं नाही, तर पावत्या हाताशी ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.