संकेतस्थळावरील मागणी-अर्जाची सुगम्यता

संकेतस्थळावरील मागणी-अर्जाची सुगम्यता म्हणजे व्यावसायिक संकेतस्थळावरील खरेदीचा अर्ज स्क्रीन रीडरच्या साहाय्याने, माऊसशिवाय केवळ कळफलकाने, तसेच अल्पदृष्टी असतानाही भरता येण्याची सोय होय. स्क्रीन रीडर ही पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी किंवा ब्रेल उपकरणाकडे पाठवणारी आज्ञावली असते. विंडोजवर चालणारी एनव्हीडीए ही आज्ञावली विनामूल्य मिळते, तर ॲपलच्या उपकरणांत व्हॉइसओव्हर अंगभूत असते. हाताच्या कंपामुळे माऊस न वापरता येणाऱ्या डोळस व्यक्तीही कळफलकावर अवलंबून असतात.

सुगम्यतेचे सर्वमान्य निकष वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम ही संस्था ठरवते. या निकषांची दुसरी आवृत्ती २००८ साली प्रसिद्ध झाली व तिची सुधारित २.२ आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. निकषांच्या ए, एए आणि एएए अशा तीन पातळ्या आहेत. व्यवहारात बहुधा एए ही पातळी गाठणे अपेक्षित असते.

पुढील विवेचनासाठी हापूस आंब्याच्या पेट्या विकणाऱ्या एका काल्पनिक दुकानाचे पान घेतले आहे. पानावर नाव, मोबाइल क्रमांक, पेट्यांची संख्या व पत्ता असे रकाने असून शेवटी 'मागणी नोंदवा' हे केशरी बटण आहे. डोळस आणि माऊस वापरणाऱ्या ग्राहकाला या पानात काहीही खटकत नाही.

## कॉन्ट्रास्ट

अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक गुणोत्तराने मोजतात. दोन्ही रंगांच्या सापेक्ष तेजस्वितेत ०.०५ मिळवून मोठ्या संख्येला लहान संख्येने भागले की हे गुणोत्तर मिळते. ते १:१ पासून, म्हणजे समान रंगांपासून, २१:१ पर्यंत, म्हणजे पांढऱ्यावर काळ्यापर्यंत असू शकते. एए पातळीवर सामान्य मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३:१ गुणोत्तर आवश्यक असते. २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठी अक्षरे मोठी मानली जातात. ठळक अक्षरांसाठी ही मर्यादा सुमारे १८.७ पिक्सेल आहे.

उदाहरणातील बटणाचा केशरी रंग `#FF9933` आहे. त्याची सापेक्ष तेजस्विता सुमारे ०.४४ आणि पांढऱ्याची १ असल्याने बटणावरील पांढऱ्या अक्षरांचे गुणोत्तर जेमतेम २.१:१ भरते. अक्षरे मोठी केली तरी ते अपुरेच राहते. दुकानाची ओळख असलेला केशरी रंग मात्र बदलण्याची गरज नसते: त्याच बटणावर काळी अक्षरे वापरल्यास गुणोत्तर सुमारे ९.९:१ होते. पांढऱ्या रकान्यातील `#999999` या करड्या सूचनेचे गुणोत्तर २.८५:१ असते, हा रंग `#767676` इतका गडद केला की ते ४.५४:१ होऊन निकष पूर्ण होतो.

चूक दाखवण्यासाठी रकान्याची कडा केवळ लाल करणेही पुरेसे नसते. लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या व्यक्तीला ते जाणवेलच असे नाही आणि स्क्रीन रीडर तर कडेचा रंग सांगतच नाही. चूक शब्दांत लिहावी लागते.

## अर्जातील लेबले

स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती रकान्यात पोहोचली की त्या रकान्याचे नाव आणि प्रकार ऐकू येतो. हे नाव एचटीएमएलमधून मिळते. शेजारी 'मोबाइल क्रमांक' असे शब्द छापलेले असले, तरी ते रकान्याशी जोडलेले नसतील तर केवळ 'संपादन' अशा अर्थाची सूचना ऐकू येते. असे चार रकाने ओळीने आल्यास कोणत्या रकान्यात काय लिहायचे, याचा अंदाजच बांधावा लागतो.

अनेक पानांवर लेबलाऐवजी रकान्याच्या आतील फिकट सूचना, म्हणजे `placeholder`, वापरली जाते. बहुतेक स्क्रीन रीडर ती वाचतात, पण पहिले अक्षर टंकताच ती पडद्यावरून नाहीशी होते. भरलेला अर्ज पुन्हा तपासताना, विशेषतः स्मरणाची अडचण असलेल्या किंवा पडदा खूप मोठा करून पाहणाऱ्या व्यक्तीला, कोणता रकाना कशाचा होता हे समजत नाही. यावरील उपाय दोन ओळींचा आहे:

```html
<label for="mobile">मोबाइल क्रमांक (१० अंकी)</label>
<input id="mobile" name="mobile" type="tel" autocomplete="tel">
```

`for` आणि `id` यांची मूल्ये तंतोतंत जुळल्यावर लेबल रकान्याशी जोडले जाते. जोडणीची खूण अशी की, लेबलाच्या शब्दांवर टिचकी मारल्यास कर्सर रकान्यात जातो. चुकीचा संदेश रकान्याशी जोडण्यासाठी त्या संदेशाचा `id` रकान्याच्या `aria-describedby` या गुणधर्मात देतात. त्यामुळे रकान्यात परत येताच 'क्रमांकात एक अंक कमी आहे' हे वाक्यही ऐकू येते.

मराठी पानाच्या आरंभी `<html lang="mr">` अशी भाषेची नोंद आवश्यक असते. तेथे `en` राहून गेल्यास काही स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज निवडतात व देवनागरी लेबले चुकीची वाचतात किंवा गाळतात.

## फोकसचा क्रम

कळफलकावरील टॅब कळ दाबल्यावर पानावरील जो घटक सक्रिय होतो, त्यावर फोकस आहे असे म्हणतात. शिफ्ट व टॅब एकत्र दाबल्यास फोकस मागे जातो. हा क्रम घटक एचटीएमएलमध्ये ज्या ओळीने लिहिलेले असतात त्यावर ठरतो. सीएसएसने दोन रकान्यांची पडद्यावरील जागा अदलाबदल केली, तरी सर्वसाधारणपणे फोकस जुन्याच क्रमाने फिरतो आणि डोळस वापरकर्त्याला तो उड्या मारताना दिसतो.

क्रम हाताने ठरवण्यासाठी `tabindex` ला १, २, ३ अशी मूल्ये देण्याची पद्धत अधिक घातक ठरते. उदाहरणातील चार रकान्यांना १ ते ४ आणि बटणाला ५ मूल्य दिले आहे, असे समजू. पुढे दुकानदाराने पत्त्यानंतर पिनकोडचा रकाना वाढवला, पण त्याला मूल्य दिले नाही. धन मूल्ये असलेले सर्व घटक आधी येत असल्याने पत्त्यावरून फोकस थेट बटणावर जातो. त्यानंतर तो पानाच्या शीर्षभागातील दुव्यांवरून फिरून पिनकोडवर पोहोचतो. ग्राहक पिनकोड न भरताच मागणी पाठवतो आणि अर्ज का नाकारला गेला, हे त्याला कळत नाही. सर्व मूल्ये काढून टाकून रकाने योग्य क्रमाने लिहिणे हाच यावरील उपाय होय.

बटण `<div>` ने बनवून त्याला केवळ क्लिकची क्रिया जोडली असेल, तर टॅब कळ त्याला वगळून पुढे जाते. अर्ज पूर्ण भरूनही तो पाठवता येत नाही. `<button>` वापरल्यास फोकस, एंटर व स्पेस कळांचा प्रतिसाद आणि 'बटण' ही ओळख या गोष्टी ब्राउझरकडूनच मिळतात. फोकसभोवतीची चौकट `outline: none` लिहून घालवल्यास आपण कोठे आहोत हे डोळस कळफलक-वापरकर्त्याला दिसत नाही. चौकट बदलायची असल्यास तिच्या जागी दुसरी ठळक चौकट द्यावी लागते:

```css
:focus-visible { outline: 3px solid #000; outline-offset: 2px; }
```

## तपासणी आणि तिच्या मर्यादा

कॉन्ट्रास्टचे गुणोत्तर ब्राउझरमधील विकासक-साधनांत पाहता येते. मात्र छायाचित्रावर छापलेल्या मजकुराचे मोजमाप जागोजागी बदलत असल्याने ते स्वतंत्रपणे तपासावे लागते. स्वयंचलित साधने लेबल नसलेला रकाना शोधतात, परंतु पत्त्याच्या रकान्याला चुकून 'नाव' हे लेबल जोडले असल्यास ती बहुधा ते ओळखत नाहीत. फोकसचा क्रम अर्थाला धरून आहे की नाही, हेही त्यांना ठरवता येत नाही.

त्यामुळे माऊस बाजूला ठेवून पहिल्या दुव्यापासून मागणीची पोच मिळेपर्यंतचा संपूर्ण व्यवहार कळफलकाने करून पाहणे आवश्यक ठरते. त्यानंतर पडदा न पाहता तोच व्यवहार स्क्रीन रीडरवर करतात. या वेळी एक रकाना मुद्दाम चुकीचा भरतात, कारण चुकीची सूचना ऐकू येते का आणि त्या रकान्याकडे परतता येते का, हे अर्ज पहिल्याच प्रयत्नात स्वीकारला गेल्यास कळत नाही.