रुंद खिडकीवरचा लिंटेल मधोमधच का तडकतो?

पुण्याजवळच्या एका बांधकामावर आठ फुटी खिडकीवरच्या लिंटेलला खालून मधोमध उभी भेग पडली. मिस्त्रींना प्रश्न पडला होता, की चार फुटी खिडक्यांचा लिंटेलही सहा इंचांचाच होता, सळयाही त्याच होत्या, तरी ते सगळे शाबूत कसे?

सुपरवायझरने स्पंजच्या लांब पट्टीच्या बाजूवर उभ्या रेघा मारल्या, ती दोन विटांवर ठेवली आणि मध्ये बोटाने दाबली. वरच्या कडेला रेघा जवळ आल्या, खालच्या कडेला फाकल्या. "मिस्त्री, लिंटेलही असाच वाकतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. वर दाब, खाली ताण. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, पण ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून ते खालून फाटतं. आणि वाक सगळ्यात जास्त मध्येच असतो."

मग त्याने रुंदीचा हिशेब मांडला. दर फुटावर भार तेवढाच धरला, तरी गाळा चारवरून आठ फूट झाला की एकूण भार दुप्पट होतो. शिवाय तो आधारापासून दुप्पट लांब पडतो. म्हणजे वाकवणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट! त्यामुळे रुंद खिडकीला लिंटेलची उंची आणि सळई वेगळी काढावी लागते.

दुसरं कारण सळईच्या जागेत होतं. छज्जा एका बाजूने लटकतो, त्याचा ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून तिथे सळई वर ठेवतात. लिंटेलमध्ये मुख्य सळई खाली हवी. इथे कव्हर ब्लॉक न ठेवता सळई हाताने उचलली होती, ती ओतताना मध्यावर अडकली. सहा इंची लिंटेलमध्ये योग्य जागची सळई वरच्या कडेपासून सुमारे 11 सेंटीमीटरवर असते. मध्यावर ती साडेसातवर येते, आणि ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते. "सळई भेग पूर्ण थांबवत नाही," तो म्हणाला, "ती केसाएवढी बारीक ठेवते. पण त्यासाठी ती ताणाच्या जागी असायला हवी."

टेकूही लवकर निघाले होते. भारतीय मानक संहितेप्रमाणे सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालचे टेकू साध्या सिमेंटला किमान 14 दिवस ठेवायचे असतात. शिवाय ओली वीटभिंत आपला भार स्वतः कमानीसारखा पेलत नाही, सगळं वजन लिंटेलवरच येतं.

भेग कशी ओळखायची? मधोमध उभी, खाली रुंद आणि वर जाताना बारीक होत गेली, तर ती वाकण्याची. आधाराजवळ तिरकी असेल, तर कारण वेगळं. भेगेच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. टोक खुणेपुढे सरकलं, तर भेग वाढते आहे. अशी भेग गिलाव्याने झाकायची नाही. आधी खाली टेकू द्यायचा, मग इंजिनियरला बोलवायचं.