पान उतरवताना आधी मजकुराचे तुकडे पाडा

जुन्या अंकातलं पान जसंच्या तसं संगणकावर उतरवायचं असेल, तर टंकलेखनाला हात घालण्याआधी दहा मिनिटं नुसतं पानाकडे बघावं. कादंबरीचं पान वरून खाली सलग वाचता येतं. मासिकाच्या पानावर मात्र एकाच वेळी तीन-चार माणसं बोलत असतात: लेखक, चौकटीतली माहिती देणारा संपादक आणि जाहिरातदार. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून लेख आणि जाहिराती शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. वाचकाची नजर त्यांना सहज वेगळं करते. उतरवणाऱ्याला ते काम जाणीवपूर्वक करावं लागतं.

समजा, १९७२च्या दुष्काळावरचा एक लेख आहे. पान दोन रकान्यांचं. डाव्या रकान्याची शेवटची ओळ अशी: ‘शेवटी विहिरीला पाणी लागलं आणि गावाने’. वाक्य पुढे उजव्या रकान्याच्या माथ्यावर जातं: ‘पहिल्यांदा टँकर परत पाठवला.’ पण डाव्या रकान्याच्या खाली पाण्याच्या पंपाची जाहिरात आहे आणि तिची पहिली ओळ आहे, ‘पाच अश्वशक्तीचा पंप बसवला, पीक दुप्पट झालं!’ सरळ खाली उतरत गेलं की वाक्य तयार होतं: ‘शेवटी विहिरीला पाणी लागलं आणि गावाने पाच अश्वशक्तीचा पंप बसवला, पीक दुप्पट झालं!’ व्याकरण चोख, अर्थही लागतो, आणि तरी गावाच्या तोंडी भलतंच घातलं गेलं. विस्कळीत वाक्य मुद्रितशोधक लगेच पकडतो. असं गुळगुळीत वाक्य निसटतं आणि पुढे कुणीतरी ते पुरावा म्हणून वापरतो.

म्हणून पानाची छायाप्रत काढून तिच्यावर पेन्सिलीने तुकडे पाडावेत आणि प्रत्येकाला क्रमांक द्यावा. तुकडा कुठे संपतो ते ठरवताना अर्थावर विसंबू नये. टंकाचा आकार, ओळीची लांबी, बारीक रेघ आणि मोकळी जागा पाहावी. वरच्या उदाहरणात जाहिरातीचा टंक जाड असेल किंवा तिच्याभोवती किनार असेल. ‘उरलेला मजकूर पान ११८ वर’ अशी सूचना असली तर लेखाचे दोन्ही भाग एकापाठोपाठ ठेवावेत आणि सांध्यावर कंसात पान क्रमांक द्यावा.

छापील अक्षरं ओळखणारी प्रणाली वापरणाऱ्यांनाही हेच करावं लागतं. अख्खं पान दिलं की रकाने एकमेकांत मिसळण्याचा धोका असतो. त्यापेक्षा प्रत्येक तुकडा कापून वेगळी प्रतिमा करावी आणि टेसरॅक्टला तो एकसंध मजकूर आहे असं सांगावं:

```
tesseract tukda3.png tukda3 -l mar --psm 6
```

यातला 6 हा आकडा ‘एकच सलग तुकडा’ असं सांगतो. अक्षरांच्या चुका तरीही राहतात, पण क्रम आपल्या हातात राहतो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो लेखातून उचलून मोठ्या टंकात मधोमध छापलेल्या वाक्याचा. ते परिच्छेद चिरून बसवलेलं असतं. तिथेच टंकलं तर लेखकाचं वाक्य मधूनच तुटतं, आणि ऐकून वाचणाऱ्या अंध वाचकाला तर काय झालं तेच कळत नाही. काहीजण ‘हे लेखात आलंच आहे’ म्हणून ते गाळून टाकतात. मला ते पटत नाही, कारण संपादकाने कोणतं वाक्य उचललं हीसुद्धा त्या अंकाची नोंद आहे. शिवाय उचललेलं वाक्य बहुधा छाटलेलं असतं. लेखात ‘आम्ही पाण्यासाठी नाही, माणसं गावात राहावीत म्हणून विहीर खोदली’ असेल, तर मोठ्या टंकात फक्त ‘माणसं गावात राहावीत म्हणून विहीर खोदली’ एवढंच येतं. एकावरून दुसरं दुरुस्त करू नये. परिच्छेद पूर्ण होऊ द्यावा आणि मग ‘[ठळक वाक्य]’ अशी खूण करून ते छापलंय तसं द्यावं.

चौकटीला स्वतःचं शीर्षक असतं, त्यामुळे ती लेख संपल्यावर वेगळी ठेवली तरी चालते. लेखात ‘सोबतची चौकट पाहा’ असा उल्लेख असेल, तर मात्र त्या परिच्छेदानंतर.

जाहिराती ठेवायच्या की नाहीत, हे काम कशासाठी चाललंय त्यावर ठरतं. फक्त लेख हवा असेल तर त्या जागी ‘[जाहिरात: पाण्याचा पंप]’ एवढी खूण पुरे. अख्खा अंक जपायचा असेल तर किंमत आणि पत्त्यासह सगळं उतरवावं. अंकाचं मुखपृष्ठ हरवलेलं असलं तर काळ ठरवायला या किमतीच उपयोगी पडतात. लेखासारखी दिसणारी आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असं छापलेली पानंही असतात. तो बारीक शब्द सगळ्यांत आधी उतरवावा, नाहीतर कंपनीचा दावा मासिकाच्या नावावर जमा होतो.

शेवटची तपासणी छायाप्रतीवरच करावी. उतरवलेला मजकूर वाचत छापील ओळींवर रंगीत पेन्सिल फिरवत जावं. कोरी राहिलेली ओळ म्हणजे गळालेला मजकूर, आणि दोनदा रंगलेली ओळ म्हणजे दोन ठिकाणी शिरलेला.