होकायंत्राची सुई नेमकी उत्तर का दाखवत नाही?

लंडनमध्ये १५८० साली विल्यम बरो यांनी होकायंत्राची सुई तपासली, तेव्हा ती खऱ्या उत्तरेच्या सुमारे ११ अंश पूर्वेला होती. १६३४ मध्ये हेन्री गेलिब्रँड यांनी पुन्हा मोजले, तर फरक जेमतेम ४ अंश. सुई बिघडली नव्हती; पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रच बदलले होते.

खरी उत्तर पृथ्वीच्या आसावरून ठरते. सुई मात्र त्या ठिकाणच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळते. या दोन दिशांमधला कोन म्हणजे चुंबकीय दिक्पात. हे क्षेत्र मुख्यतः सुमारे २,९०० किलोमीटर खाली, गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहांमुळे तयार होते. प्रवाह बदलतात, तसा कोनही सरकतो.

लंडनची सुई पुढे पश्चिमेकडे २४ अंशांपर्यंत गेली आणि एकोणिसाव्या शतकात मागे फिरली. २०१९ मध्ये ग्रिनिचला ती सुमारे ३६० वर्षांनी पुन्हा खऱ्या उत्तरेवर आली.

जुना कोन धरल्याने १ अंशाची चूक झाली, तर १० किलोमीटरवर माणूस सुमारे १७५ मीटर बाजूला पोहोचतो. म्हणूनच नकाशावर दिक्पातासोबत वर्षही छापतात.