कोणत्या भिंतीवर किती भार?

बाजारपेठेतल्या एखाद्या जुन्या धान्याच्या दुकानात शिरून मान वर केलीत, तर समोरासमोरच्या दोन भिंतींवर टेकवलेले लोखंडी गर्डर दिसतील. त्यांच्यावर फळ्या टाकून पोटमाळा केलेला असतो आणि पोटमाळ्यावर धान्याची पोती रचलेली असतात. पोती सगळ्या माळ्यावर सारखी पसरलेली क्वचितच असतात. एका बाजूला थप्पी असते, तर दुसरी बाजू रिकामी असते. अशा वेळी एक साधा प्रश्न उभा राहतो. त्या पोत्यांचे ओझे दोन भिंतींमध्ये वाटले जाते खरे, पण कोणत्या भिंतीच्या वाट्याला किती येते?

हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही. गर्डरचे टोक विटांवर तसेच टेकवले, तर थोड्याशाच जागेवर सारा भार येऊन विटा चिरडू शकतात. म्हणून टोकाखाली काँक्रीटचा ठोकळा बसवून भार पसरवतात. तो ठोकळा केवढा हवा, हे ठरवण्याआधी त्यावर किती भार येणार हे कळायला हवे.

असाच एक गर्डर आपण हिशेबाला घेऊ. कागदावर एक आडवी रेघ काढा. तिच्या डाव्या टोकाला अ आणि उजव्या टोकाला ब म्हणा. अ आणि ब हे गर्डरचे दोन टेकू. त्यांच्यामधले अंतर, म्हणजे एका ठोकळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, ६ मीटर आहे. अ पासून पहिला १ मीटर रिकामा. पुढच्या ३ मीटरवर, म्हणजे १ मीटरच्या खुणेपासून ४ मीटरच्या खुणेपर्यंत, पोत्यांची सारख्या उंचीची थप्पी आहे. शिवाय अ पासून ५ मीटरवर गर्डरला एक चेनपुली अडकवली असून तिला एक यंत्र टांगले आहे.

आता वजने पाहू. ५० किलोग्रॅमच्या पोत्याचे वजन सुमारे ५०० न्यूटन, म्हणजे अर्धा किलोन्यूटन. या गर्डरच्या वाट्याला दर मीटरला ८ पोती येतात असे धरू. म्हणजे भार दर मीटरला ४ किलोन्यूटन आणि ३ मीटरवर एकूण १२ किलोन्यूटन. यंत्राचे वजन ६ किलोन्यूटन. पोत्यांच्या भाराला अभियंते ‘एकसमान विभागलेला भार’ म्हणतात आणि यंत्राच्या भाराला ‘बिंदुभार’. भिंत गर्डरला वरच्या दिशेने जे ढकलते, ती त्या टेकूची ‘प्रतिक्रिया’. आपल्याला अ आणि ब यांच्या प्रतिक्रिया काढायच्या आहेत.

दोन अज्ञाते, दोन अटी

गर्डर खाली जात नाही, म्हणून दोन्ही प्रतिक्रियांची बेरीज खालच्या एकूण भाराइतकी, म्हणजे १८ किलोन्यूटन असलीच पाहिजे. ही पहिली अट. पण तिच्यावरून १८ ची वाटणी कळत नाही. ९ आणि ९ सुद्धा चालेल, १५ आणि ३ सुद्धा!

दुसरी अट अशी, की गर्डर कोणत्याही टोकाभोवती फिरत नाही. फिरवण्याची शक्यता मोजायची, तर बल आणि त्याचे त्या टोकापासूनचे अंतर यांचा गुणाकार करतात. त्याला बलाचे ‘परिबल’ म्हणतात. झोपाळ्याच्या फळीवर, म्हणजे सी-सॉवर, हलका मुलगा टोकाला बसून जड मुलाला तोलतो, तो या गुणाकाराच्याच जोरावर.

आपण अ भोवतीची परिबले घेऊ. अ का? कारण अ ची प्रतिक्रिया अ मधूनच जाते. तिचे अंतर शून्य, म्हणून परिबलही शून्य. एक अज्ञात आपोआप गळते आणि फक्त ब ची प्रतिक्रिया उरते.

यंत्राचे परिबल सोपे आहे. ६ गुणिले ५, म्हणजे ३० किलोन्यूटन-मीटर. पण पोत्यांचे काय? ती तर १ मीटरपासून ४ मीटरपर्यंत पसरली आहेत. अंतर कोणते घ्यायचे?

थप्पीचा मध्य

थप्पीचे १-१ मीटरचे तीन भाग कल्पा. प्रत्येकाचा भार ४ किलोन्यूटन आणि त्यांचे मध्य अ पासून १.५, २.५ आणि ३.५ मीटरवर. त्यांची परिबले अनुक्रमे ६, १० आणि १४. बेरीज ३०. आता सगळी १२ किलोन्यूटन वजनाची पोती थप्पीच्या मध्यावर, म्हणजे २.५ मीटरवर, एकवटली आहेत असे मानून पाहा. १२ गुणिले २.५ म्हणजे पुन्हा ३०!

हा योगायोग नाही. थप्पीच्या मध्यापासून डावीकडे अर्ध्या मीटरवर असलेले पोते घ्या आणि उजवीकडे तितक्याच अंतरावरचे पोते घ्या. एकाचे अंतर २ मीटर, दुसऱ्याचे ३ मीटर. एकात जेवढी घट, तेवढीच दुसऱ्यात वाढ. दोघांची सरासरी २.५ मीटरच. अशा जोड्या लावत गेलात, तर सारी थप्पी संपते आणि प्रत्येक जोडी जणू मध्यावरच बसलेली असते. आणखी बारीक तुकडे केलेत तरी उत्तर बदलत नाही. अनेक बलांच्या परिबलांची बेरीज ही त्यांच्या एकत्रित बलाच्या परिबलाइतकी असते, हा नियम पिएर व्हॅरिन्याँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. आपण तोच येथे वापरला.

आता उरलेले काम दोन ओळींचे आहे.

ब ची प्रतिक्रिया × ६ = (१२ × २.५) + (६ × ५) = ३० + ३० = ६०
ब ची प्रतिक्रिया = १० किलोन्यूटन; अ ची प्रतिक्रिया = १८ − १० = ८ किलोन्यूटन

गर्डरचे स्वतःचे वजन आपण धरले नाही. तो सगळीकडे सारखाच जाड असल्याने त्याचे निम्मे वजन अ कडे आणि निम्मे ब कडे जाते. ते शेवटी दोन्ही उत्तरांत मिळवले की झाले.

चूक कशी लपते आणि कशी पकडावी

या गणितात नेहमी होणारी एक चूक आहे. थप्पी ३ मीटरची, तिचा मध्य १.५ मीटरवर, म्हणून पुष्कळ जण अंतर १.५ घेतात आणि सुरुवातीचा १ रिकामा मीटर विसरतात. तसे केल्यास परिबलांची बेरीज १८ अधिक ३०, म्हणजे ४८ येते. ब ची प्रतिक्रिया ८ आणि अ ची १०. उत्तरे नेमकी उलटी झाली! पण बेरीज मात्र १८ च आहे.

येथे नीट लक्ष द्या. अ ची प्रतिक्रिया आपण १८ मधून वजा करूनच काढली होती. मग बेरीज १८ येणारच, ब चे उत्तर कितीही चुकलेले असो. बेरीज जुळली म्हणजे उत्तर बरोबर, असे समजणे म्हणजे स्वतःच लिहिलेली साक्ष स्वतःच वाचणे होय.

खरी पडताळणी म्हणजे दुसऱ्या टोकापासून नवी अंतरे मोजून सारे पुन्हा करणे. ब पासून थप्पी २ मीटरवर सुरू होते आणि ५ मीटरवर संपते, म्हणून तिचा मध्य ३.५ मीटरवर. यंत्र १ मीटरवर.

अ ची प्रतिक्रिया × ६ = (१२ × ३.५) + (६ × १) = ४२ + ६ = ४८

अ ची प्रतिक्रिया ८ आली. आता बेरीज न करताच दोन्ही उत्तरे स्वतंत्रपणे मिळाली आणि ती १८ शी जुळली. १.५ ची चूक येथेही केली असती, तर अ ची प्रतिक्रिया ४ आली असती आणि आधीच्या १० शी तिचा मेळ बसला नसता.

आणखी एक झटपट कसोटी आहे. ६० या परिबलाला १८ ने भागा. उत्तर सुमारे ३.३३. म्हणजे सारा भार जणू अ पासून ३.३३ मीटरवर आहे, गर्डरच्या मध्याच्या किंचित उजवीकडे. तेव्हा उजव्या भिंतीवर थोडा जास्त भार हवाच.

या उलटापालटीची किंमत काय? समजा, विटांच्या भिंतीवर दर चौरस सेंटिमीटरला ५० न्यूटनांपेक्षा जास्त दाब नको असे ठरले आहे. ब खाली १० किलोन्यूटनसाठी २०० चौरस सेंटिमीटरचा ठोकळा लागेल. चुकीच्या हिशेबाने तेथे ८ किलोन्यूटनसाठीचा, म्हणजे १६० चौरस सेंटिमीटरचाच ठोकळा बसेल. मग विटांवरचा दाब ५० ऐवजी ६२.५ न्यूटन होईल.

काड्यापेट्यांचा प्रयोग

हे उत्तर घरी तपासता येते. सारख्या उंचीचे दोन स्वयंपाकघरातले वजनकाटे, एक ताठ लाकडी पट्टी आणि ९ रिकाम्या काड्यापेट्या घ्या. प्रत्येक पेटीत वाळू भरून तिचे वजन २५ ग्रॅम करा. दोन्ही काट्यांवर एकेक पेन्सिल आडवी ठेवून तिच्यावर पट्टी टेकवा. पेन्सिलींमधले अंतर ६० सेंटिमीटर ठेवा. पट्टीमुळे काट्यांवर दिसणारी वजने आधी टिपून घ्या. ती नंतर वजा करायची आहेत.

आता डाव्या पेन्सिलीपासून १० सेंटिमीटरपासून ४० सेंटिमीटरपर्यंत ६ पेट्या ओळीने मांडा. उरलेल्या ३ पेट्या एकावर एक रचून ५० सेंटिमीटरवर ठेवा. हा आपलाच गर्डर, दहापट लहान. एकूण ९ पेट्यांपैकी डाव्या काट्यावर ४ पेट्यांचे, म्हणजे १०० ग्रॅम, आणि उजव्यावर ५ पेट्यांचे, म्हणजे १२५ ग्रॅम वजन दिसेल. पाच-दहा ग्रॅमचा फरक आला, तर पेन्सिलींच्या जागा पुन्हा मोजा.

युक्तीची मर्यादा

पसरलेला भार मध्यावर एकवटण्याची ही युक्ती फक्त प्रतिक्रिया काढण्यापुरती आहे. गर्डर आतून किती वाकू पाहतो, हे काढताना ती वापरू नका. आपल्या गर्डरमध्ये ते वाकवणारे परिबल अ पासून ३ मीटरवर सर्वांत मोठे असते. तेथून डावीकडे पाहिले, तर प्रतिक्रियेचे परिबल ८ गुणिले ३, म्हणजे २४. त्यातून तेथवरच्या २ मीटर थप्पीचे, म्हणजे ८ किलोन्यूटनचे, १ मीटरवरचे परिबल वजा केले की १६ उरते. सगळी पोती खरोखरच २.५ मीटरवर एका बिंदूत टांगली असती, तर ते ८ गुणिले २.५, म्हणजे २० झाले असते. भिंतींना फरक कळत नाही, पण गर्डरला कळतो.

शिवाय हा हिशेब दोन टोकांवर नुसत्या टेकवलेल्या गर्डरचा आहे. मध्ये तिसरा खांब दिला, किंवा टोके भिंतीत घट्ट पक्की केली, तर अज्ञाते वाढतात आणि आपल्या दोन अटी पुऱ्या पडत नाहीत. तेव्हा गर्डर किती वाकतो हेही विचारात घ्यावे लागते.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. पोती आहेत तेथेच ठेवून चेनपुली कोठे सरकवली, तर दोन्ही भिंतींवर सारखाच, म्हणजे ९-९ किलोन्यूटन भार येईल? उत्तर काढा आणि ते अ कडून व ब कडून, दोन्हीकडून पडताळून पाहा.